मध्यंतरातली पंधरा मिनिटं

२५ मे २००५ च्या रात्री इस्तंबूलच्या अतातुर्क ऑलिम्पिक स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या जिमी त्राओरेला त्याच्या मॅनेजरनं सांगितलं, की तुझा सामना संपला, आंघोळ करून घे. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याचं मध्यंतर चालू होतं आणि लिव्हरपूल एसी मिलानपेक्षा तीन गोलांनी मागे होतं. थोड्याच वेळात त्याच त्राओरेला परत बोलावलं गेलं, पुन्हा बूट घालायला सांगितलं गेलं आणि तो मैदानात उतरला. पुढे ३-३ अशी बरोबरी झालेली असताना मिलानच्या आंद्री शेवचेन्कोचा गोलात शिरणारा फटका गोलरेषेवरून ज्यानं बाहेर काढला, तो हाच त्राओरे.

हा सामना लिव्हरपूलनं शेवटी पेनल्टींवर जिंकला. फुटबॉलचे चाहते त्याला ‘इस्तंबूलचा चमत्कार’ म्हणतात. पण मॅनेजरच्या कामाच्या दृष्टीनं पाहिलं, तर चमत्कारापेक्षा त्या पंधरा मिनिटांतली कारागिरी जास्त शिकवून जाते. त्या मध्यंतरात एक दुरुस्ती झाली, एक चूक होता होता राहिली, आणि बोलण्यासारख्या अनेक गोष्टी बाजूला ठेवाव्या लागल्या.

पंधरातली पाच

फुटबॉलच्या नियमांप्रमाणे मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असू शकत नाही. ही पंधरा मिनिटं मॅनेजरच्या हाती पूर्ण पडत नाहीत. शिट्टी वाजल्यावर मैदानातून ड्रेसिंग रूमपर्यंत चालत यायला वेळ जातो. खेळाडू धापा टाकत असतात. कुणी पाणी पितं, कुणी ओला शर्ट बदलतं, कुणाच्या घोट्यावर बर्फ ठेवला जातो. शेवटची दोन-तीन मिनिटं पुन्हा रांगेत उभं राहून बाहेर पडण्यात जातात. सगळं वजा करता संघाशी एकत्र बोलायला चार-पाच मिनिटं उरतात.

म्हणून अनुभवी मॅनेजर आत आल्या आल्या बोलायला सुरुवात करत नाहीत. पहिली तीन-चार मिनिटं ते खेळाडूंना त्यांच्यापाशी सोडतात आणि स्वतः सहाय्यकांशी आणि फिजिओशी बोलून घेतात. यात दोन फायदे असतात. छातीतली धडधड कमी झाल्याशिवाय माणसाच्या कानात काही शिरत नाही, हा एक. आणि मॅनेजरच्या मनात पाच तक्रारी असतील, तर त्यातली एकच निवडायला त्यालाही तेवढा वेळ लागतो, हा दुसरा.

एकच का, हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षं मी शाळकरी मुलांचा संघ सांभाळला. एका सामन्यात आम्ही दोन गोलांनी मागे होतो आणि मध्यंतरात मी मुलांना सात गोष्टी सांगितल्या. सातही बरोबर होत्या. सामना हरल्यावर उजव्या बगलेवर खेळणाऱ्या मुलाला मी विचारलं, मी काय सांगितलं होतं ते आठवतंय का? तो म्हणाला, “सर, तुम्ही म्हणालात, पहिला गोल माझ्यामुळे झाला.” बाकीच्या सहा गोष्टी त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. ज्या एका वाक्यात त्याचं नाव होतं, तेवढंच घेऊन तो उत्तरार्धभर धावला होता.

आजार कुठे होता

आता इस्तंबूलकडे वळू. मिलाननं पहिल्याच मिनिटाला गोल केला. त्राओरेनं ब्राझीलच्या काकाला पाडलं, आंद्रेया पिर्लोनं फ्री किक मारली आणि कर्णधार पाओलो माल्दिनीनं ती थेट गोलात धाडली. मग ३९ व्या आणि ४४ व्या मिनिटाला हर्नान क्रेस्पोनं दोन गोल केले. दुसऱ्या गोलाच्या क्षणभर आधी लिव्हरपूलचे खेळाडू मिलानच्या नेस्ताच्या हाताला चेंडू लागला म्हणून पेनल्टी मागत होते. पंचांनी ती दिली नाही, आणि मिलाननं तिथूनच उलटा हल्ला चढवला.

तीन गोलांकडे तीन अपघात म्हणून पाहिलं, तर दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडत नाही. फ्री किक झाली, पंचांचा निर्णय झाला, एक अप्रतिम पास झाला. पण या गोलांच्या मागे सतत दिसणारी एक गोष्ट होती. मिलानचे मधल्या फळीतले चार खेळाडू पतंगाच्या आकारात उभे होते. तळाशी पिर्लो, दोन बाजूंना गत्तुसो आणि सीडॉर्फ, आणि टोकाला काका. त्यांच्यासमोर मैदानाच्या मध्यभागी लिव्हरपूलचे दोघेच होते, स्टीव्हन जेरार्ड आणि झाबी अलोन्सो. दोघांपैकी कुणीही पुढे सरकला, की त्याच्या पाठीमागे रिकामी जागा पडायची, आणि त्या जागेत काका चेंडू घेऊन वळायचा. तिसऱ्या गोलाचा पास त्यानं असाच वळून दिला होता.

मध्यंतरात हात घालावा तो अशा दुखण्याला. याची ओळख सोपी आहे. ते पुन्हा पुन्हा घडतं, आणि ते कुणाच्या कौशल्याशी नाही तर कोण कुठे उभा आहे याच्याशी जोडलेलं असतं. पंधरा मिनिटांत कुणाचा डावा पाय सुधारत नाही, कुणाचा वेग वाढत नाही. उभं राहायची जागा मात्र दहा सेकंदांत बदलता येते. मॅनेजरनं स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: समोरचा संघ कुठून येतोय, आणि तिथे आपला माणूस का नाही?

लिव्हरपूलचे मॅनेजर राफाएल बेनिटेझ यांचं उत्तर होतं डिटमार हामान. हा जर्मन खेळाडू बाकावर बसून होता. बचावफळीच्या पुढ्यात ठाण मांडून बसणं हेच त्याचं काम. त्याला आत घ्यायचं, म्हणजे काकाच्या जागेत कायमचा एक पहारेकरी येईल आणि जेरार्डला पुढे जायला मोकळीक मिळेल. मागे चारऐवजी तीन बचावपटू ठेवायचे आणि दोन्ही बगलांना एकेक धावणारा खेळाडू. बगलांचा विचारही नेमका होता. मिलानची पतंगासारखी रचना मध्यात दाट होती, पण तिच्या दोन्ही कडा मोकळ्या होत्या. डावीकडून जॉन आर्ने रीसला तिथे वाव होता.

सगळी दुरुस्ती फळ्यावर एका रेघेत दाखवता येत होती: हामान इथे, जेरार्ड तिथे, मागे तिघं. मध्यंतरातली सूचना चांगली की वाईट, हे तपासायची ही सोपी कसोटी आहे. जी सूचना फळ्यावर काढता येत नाही, तिचा दमलेल्या खेळाडूला उपयोग होत नाही. “मधल्या फळीत जास्त जोर लावा” हे काढून दाखवता येत नाही. “काका वळायच्या आत हामान त्याच्या अंगाला भिडलेला हवा” हे दाखवता येतं.

आधी फिजिओ, मग फळा

तरीही इथे बेनिटेझ यांच्या हातून एक चूक होता होता राहिली. हामानसाठी जागा करायला त्यांनी त्राओरेला काढायचं ठरवलं आणि त्याला तसं सांगूनही टाकलं. त्यानंतर फिजिओनं येऊन सांगितलं, की उजवा बचावपटू स्टीव्ह फिनन जखमी आहे, तो शेवटपर्यंत टिकेल याची खात्री नाही. फिनन स्वतः मात्र खेळायचंच म्हणत होता.

त्या काळी एका सामन्यात तीनच बदली खेळाडू घेता येत असत. लिव्हरपूलनं एक बदल आधीच वापरला होता, कारण हॅरी क्यूएल २३ व्या मिनिटालाच जखमी होऊन बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी व्लादिमिर श्मित्सर आला होता. म्हणजे उरले दोन. त्राओरेला काढून हामानला घेतलं आणि नंतर फिनन कोसळला, तर तिसरा बदलही संपणार. पुढे जादा वेळ झाला असता, तर हाती काहीच उरलं नसतं. बेनिटेझ यांनी निर्णय फिरवला. फिननला बसवलं आणि त्राओरेला परत बोलावलं. जादा वेळ खरोखरच झाला, म्हणून हा हिशेब किती महत्त्वाचा होता ते कळतं.

यातून क्रम कळतो. ड्रेसिंग रूममध्ये शिरल्यावर मॅनेजरनं पहिलं तोंड फिजिओकडे वळवायचं, फळ्याकडे नंतर. कोण पळू शकतो हे कळल्याशिवाय कोण कुठे उभा राहील हे ठरवता येत नाही. आणि खेळाडूचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं, पण त्यावर निर्णय सोडायचा नाही. अंतिम सामन्यात “मी ठीक आहे” असं कुठला खेळाडू म्हणणार नाही?

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. त्राओरेला बाहेर काढताना त्या रात्री दोषारोप ठेवायला कारण होतं. पहिला गोल त्याच्या फाऊलवरून झाला होता. समजा, “तुझ्यामुळे आपण मागे पडलो, आता बस बाहेर” असं सगळ्यांसमोर म्हटलं गेलं असतं, तर दोन मिनिटांनी त्याच माणसाला कोणत्या तोंडानं परत बोलावलं असतं? आणि तो कोणत्या मनानं गोलरेषेवर उभा राहिला असता? बाहेर जाणाऱ्या खेळाडूशी असं बोलावं, की दोन मिनिटांत तो परत लागणार आहे. कारण सांगायचं ते रचनेचं: आपल्याला मध्यात एक माणूस वाढवायचाय. एवढं पुरतं.

गिळून टाकायच्या गोष्टी

त्या रात्री मॅनेजरनं न बोलण्यासारखं बरंच होतं. नेस्ताच्या हाताला लागलेल्या चेंडूची गोष्ट घ्या. खेळाडू चिडलेले असतात, आणि मॅनेजरही त्या रागात सामील झाला तर क्षणभर सगळ्यांना बरं वाटतं. पण पंचाचा निर्णय फिरत नाही. त्या विषयाला दिलेला प्रत्येक मिनिट हामानच्या जागेतून कापला जातो. शिवाय खेळाडू मैदानात परत जातात ते पंचाकडे बघत, काकाकडे नाही.

झालेल्या गोलांची उजळणीही तशीच. खेळाडूंना गोल आठवून द्यायची गरज नसते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर असतातच. चित्रफीत थांबवून चूक दाखवायची जागा दुसऱ्या दिवशीचा सराव आहे. तिथे शिकवायला वेळ असतो आणि शिकणाऱ्याला श्वास असतो. मध्यंतरात चुकीचा उल्लेख करायचाच, तर पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत काय करायचं या रूपात करावा. “तू त्याला वळू दिलंस” याऐवजी “आता तो वळायच्या आत डिटमार पोचेल, तू मागची जागा धर.”

तिसरी न बोलायची गोष्ट म्हणजे मोठा आकडा. ०-३ असताना “आपल्याला तीन गोल करायचेत” हे गणित बरोबर असलं, तरी दमलेल्या माणसाला ते डोंगरासारखं दिसतं. बेनिटेझ लिव्हरपूलमध्ये येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. स्पॅनिश मातृभाषा असलेला हा माणूस ड्रेसिंग रूमकडे जाताना इंग्रजीत नेमकं काय सांगावं याचाच विचार करत होता, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. त्यांचं बोलणं साधं होतं. मान खाली घालू नका, तुमचे पाठीराखे बाहेर आहेत, आणि एक गोल झाला तर आपण सामन्यात परत येऊ, हा त्याचा गाभा. एक गोल ही दृष्टीच्या टप्प्यातली गोष्ट होती.

पाठीराख्यांबद्दलही फार सांगावं लागलं नाही. बाहेर हजारो लोक ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे क्लबचं गाणं गात होते आणि ते आत ऐकू येत होतं, असं खेळाडूंनी सांगितलं आहे. जे भिंतीपलीकडून ऐकू येतंय, ते मॅनेजरनं भाषण करून पुन्हा सांगायचं नसतं.

राग कधी चालतो

मग मॅनेजरनं चिडायचंच नाही का? २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाचे फ्रेंच मॅनेजर एर्वे रेनार मध्यंतरात प्रचंड संतापले होते. अर्जेंटिना १-० नं पुढे होती. त्या भाषणाची चित्रफीत नंतर जगभर फिरली. मेस्सी मध्यात चेंडू घेऊन उभा आहे आणि तुम्ही त्याच्यापासून लांब थांबताय, हवं तर फोन काढून त्याच्याबरोबर फोटो घ्या, अशा आशयाचं त्यांनी खेळाडूंना सुनावलं. उत्तरार्धात ४८ व्या आणि ५३ व्या मिनिटाला दोन गोल करून सौदी अरेबियानं सामना २-१ असा जिंकला.

लोकांना त्यातला आवाज लक्षात राहिला. मला त्यातली सूचना महत्त्वाची वाटते. रागाच्या आत एक नेमकी जागा होती: मैदानाच्या मध्यात मेस्सीला अंतर देऊ नका. आणि रेनार यांनी जे मोडलं नाही, तेही पाहा. पहिल्या अर्ध्यात सौदीची बचावफळी खूप पुढे उभी होती आणि त्यामुळे अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले होते. मागे पडलेला संघ घाबरून अशी फळी मागे ओढतो. त्यांनी ती तशीच पुढे ठेवली. पहिल्या अर्ध्यात जे चाललंय ते न छेडणं, हाही मध्यंतरातला एक निर्णयच असतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २६ डिसेंबर २००८ रोजी हल सिटी मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला ०-४ असं मागे होतं. मॅनेजर फिल ब्राऊन यांनी संघाला ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही. मैदानावरच, हलच्या प्रेक्षकांसमोर, खेळाडूंना गवतावर बसवून त्यांनी बोट नाचवत खडसावलं. सामना १-५ असा गेला. हल त्या मोसमाच्या सुरुवातीला आर्सेनल आणि टॉटनमला त्यांच्याच मैदानावर हरवून आलेला संघ होता. मोसमाअखेर तो सतराव्या क्रमांकावर कसाबसा बचावला. त्या घसरणीचं सगळं खापर एका मध्यंतरावर फोडणं अन्याय ठरेल. पण त्या पंधरा मिनिटांत खेळाडूंच्या हातून काय गेलं, ते स्पष्ट दिसतं. पाणी पिऊन, दार बंद करून, कुणाच्या नजरेत न येता सावरायची जागा गेली. दुखणाऱ्या पायाबद्दल फिजिओशी हळू आवाजात बोलायची संधी गेली. आणि फळाही नव्हता. जो शब्द बंद दारामागे सूचना असतो, तोच हजारो लोकांसमोर शिक्षा होतो.

उपाय लागू पडला की नाही

दुरुस्ती कामाला आली का, हे गोलफलकावर लगेच दिसत नाही. इस्तंबूलमध्ये उत्तरार्ध सुरू झाल्यावरही शेवचेन्कोची एक जोरदार फ्री किक गोलरक्षक येर्झी दुडेकला अडवावी लागली. म्हणून मॅनेजरनं पाहायचं ते काका चेंडू कुठे घेतोय याकडे. तो गोलकडे तोंड करून वळत होता, की त्याला पाठ करून मागे पास द्यावा लागत होता? जेरार्ड कुठे दिसत होता, स्वतःच्या गोलसमोर की मिलानच्या?

याचं उत्तर ५४ व्या मिनिटाला मिळालं. डावीकडून रीसनं क्रॉस टाकला आणि मिलानच्या गोलसमोर उडी मारून डोक्यानं गोल करणारा होता जेरार्ड. पूर्वार्धात तो तिथे पोचू शकत नव्हता. दोन मिनिटांनी श्मित्सरनं लांबून फटका मारून दुसरा गोल केला. ६० व्या मिनिटाला पुन्हा पुढे धावणाऱ्या जेरार्डला गत्तुसोनं पाडलं. अलोन्सोची पेनल्टी दिदानं अडवली, पण परत आलेला चेंडू अलोन्सोनंच आत घातला. सहा मिनिटांत तीन गोल झाले, आणि त्यातल्या दोहोंत जेरार्ड होता तो हामान मागे उभा असल्यामुळे.

पण मध्यंतरातल्या उपायाचंही आयुष्य असतं. बरोबरी झाल्यावर मिलान सावरलं आणि हल्ले पुन्हा लिव्हरपूलच्या गोलकडे येऊ लागले. त्राओरेला चेंडू गोलरेषेवरून काढावा लागला तो याच काळात. शेवटी मिलाननं डाव्या बगलेला सेर्जिन्योला आणलं, तेव्हा जेरार्डला उजव्या बाजूला बचावात जाऊन उभं राहावं लागलं. ज्या माणसाला मोकळं करण्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच शेवटी पहाऱ्यावर गेला. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, दुडेकनं शेवचेन्कोचे लागोपाठ दोन फटके अगदी जवळून अडवले. पेनल्टींवर लिव्हरपूल ३-२ नं जिंकलं. दुडेकच्या हातांना फळ्यावरच्या रेघेचं श्रेय देता येत नाही. मध्यंतरानं लिव्हरपूलला सामन्यात परत आणलं. पुढचा तासभर खेळाडूंनी स्वतः पेलला.

मला पुन्हा कुणी संघ दिला, तर मध्यंतरात खिशातल्या कागदावर मी एकच ओळ लिहीन: कुणी कुठे उभं राहायचं. सात गोष्टी सुचतीलच, त्यातल्या सहा दुसऱ्या दिवशीच्या सरावासाठी मागच्या बाजूला लिहून ठेवीन. आणि उजव्या बगलेवरच्या मुलाचं नाव घ्यायचं झालं, तर त्याच्या नव्या जागेसोबतच घेईन.